बार आकसले म्हणून शॉर्ट मारण्याआधी थोडं गणित

«एमएसीडीचं गुपित, जे कुणी सांगत नाही!
१) भाव वर जातोय पण हिस्टोग्रामचे हिरवे बार लहान होतायत? समजून जा, खरेदीदार संपले. मोठे खेळाडू गुपचूप माल सोडतायत. ट्रेंड मेला.
२) दहापैकी आठ वेळा पुढच्या पाच कँडलमध्ये भाव पडतोच.
३) म्हणून तिसरा लहान बार दिसला की शॉर्ट मारा. स्टॉपलॉसची गरज नाही, इंडिकेटर आधीच सांगतो.
४) एमएसीडी हा भावाच्या पुढे चालणारा इंडिकेटर आहे.
५) पाच मिनिटांपासून महिन्यापर्यंत कुठल्याही चार्टवर चालतं.
आपल्या माणसांना नक्की पाठवा.»

आपल्या माणसांना पाठवलं गेलंच. मामाने घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली चार जणांनी अंगठे दाखवले आणि माझ्या मावसभावाने ते अमलात आणलं. मला कळलं तेव्हा शॉर्ट मारून, म्हणजे हातात नसलेला शेअर भाव पडेल ह्या आशेने आधीच विकून, नऊ दिवस झाले होते. ६४२ ला विकलेला शेअर ७०४ ला परत घेऊन तो मोकळा झाला होता आणि वर मलाच विचारत होता, "ताई, पण बार तर लहान होत होते ना?" होत होते. त्याने बाहेर पडला त्या दिवसाचा चार्टही पाठवला. त्यातही ते लहानच होत होते. म्हणजे ज्या खुणेवर तो आत शिरला ती खूण नऊ दिवस तशीच उभी होती, आणि भाव ६२ ने वर गेला. आता मला राग येणार नाही तर काय.

पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आधी सूत्र बघा. तीन ओळींचं आहे, आणि त्यातला ईएमए म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी.

```
MACD      = EMA12 - EMA26
Signal    = EMA9(MACD)
Histogram = MACD - Signal
```

ह्यात आत काय जातं? बंद भाव. फक्त बंद भाव. किती शेअर्सचे सौदे झाले, कोणी घेतले, कोणी विकले, ह्यातलं एक अक्षर ह्या तीन ओळींत शिरत नाही. जे आत गेलंच नाही ते बाहेर कसं येणार? "मोठे खेळाडू माल सोडतायत" हे वाक्य हिस्टोग्राम बघून म्हणणं म्हणजे घड्याळ बघून पावसाचा अंदाज सांगण्यासारखं आहे. व्हॉल्यूम बघून कुणी तसं म्हणालं तर निदान वाद घालता येईल. इथे वाद घालायलाही काही नाही.

मग बार लहान होतात कशामुळे? हे मी मावसभावाला समजावलं तसंच इथे लिहिते.

एक बाप चालतोय आणि मागून त्याची दोन पोरं. बाप म्हणजे भाव. धाकटं पोर म्हणजे १२ दिवसांची सरासरी, ते बापाच्या पावलांकडे लक्ष ठेवून असतं, त्यामुळे फार मागे पडत नाही. थोरलं म्हणजे २६ दिवसांची, रमतगमत येणारं. बाप रोज सारख्याच लांबीचं एक पाऊल टाकत राहिला तर काही काळाने धाकटं पोर त्याच्या साडेपाच पावलं मागे आणि थोरलं साडेबारा पावलं मागे चालू लागतं. हे माझं मत नाही, ईएमएच्या सूत्रातून निघणारं उत्तर आहे: एन दिवसांची सरासरी सरळ चढणाऱ्या भावाच्या (एन उणे १) भागिले २ इतकी पावलं मागे राहते. दोन पोरांमधलं अंतर सात पावलं. हेच अंतर म्हणजे एमएसीडी.

आता त्या दोन पोरांच्या मागे एक कारकून चालतोय. तो रोज हे अंतर मोजतो आणि गेल्या काही दिवसांची सरासरी वहीत लिहितो. ही वही म्हणजे सिग्नल रेषा. आजचं अंतर आणि वहीतला आकडा यांच्यातला फरक म्हणजे हिस्टोग्रामचा बार.

बाप उभा होता आणि चालू लागला, तेव्हा धाकटं आधी हललं, थोरलं नंतर. मधलं अंतर वाढत गेलं. वहीतला आकडा मागे राहिला, बार मोठे झाले. मग बापाची चाल एका लयीत आली. अंतर सात पावलांच्या आसपास येऊन वाढायचं थांबलं. वहीने त्याला हळूहळू गाठलं. बार आकसत आकसत शून्याकडे गेला.

बाप थांबला का? नाही. दमला का? नाही. तो पहिल्या दिवशी चालत होता त्याच चालीने चालतोय.

आता हेच आकड्यांत. एक शेअर बरेच दिवस १००० वर पडून आहे आणि एका दिवसापासून तो रोज बरोबर १० ने चढतो. एकही दिवस खाली नाही, एकही दिवस ढिला नाही. ह्याहून सशक्त चढ कागदावर काढता येणार नाही. ह्याचा हिस्टोग्राम मी शीटमध्ये काढला. बार वाढत वाढत चौदाव्या दिवशी ९.७४ ला पोचतो. तेव्हा भाव ११४०. तिथून तो आकसायला लागतो आणि पुन्हा कधीच वाढत नाही. विसाव्या दिवशी ८.४४, भाव १२००. तिसाव्या दिवशी ४.९८, भाव १३००. चाळिसाव्या दिवशी २.५४, भाव १४००. साठाव्या दिवशी ०.५७, म्हणजे चार्टवर शोधावा लागेल इतका, आणि भाव १६००. फॉरवर्डच्या हिशोबाने हा ट्रेंड चौदाव्या दिवशी आजारी पडला, सतराव्याला मेला, आणि मग मेल्यावर आणखी ४३० पॉइंट चढला.

मावसभावाचा पुढचा प्रश्न मला आवडला. "मग बार लहान होऊ नये म्हणून भावाने करायचं तरी काय?" हेच काढून बघितलं पाहिजे, म्हणजे ही अट किती अघोरी आहे ते कळतं. विसाव्या दिवशीचा बार आदल्या दिवसाइतका राहावा म्हणून त्या दिवशी भावाला १० ऐवजी सुमारे १५ ने चढावं लागलं असतं. आणि एक दिवस नव्हे, ही मागणी पुढेही चालूच. हिस्टोग्राम सतत वाढता ठेवायचा तर भावाने रोज आधीपेक्षा मोठं पाऊल टाकत राहायचं. असा चढ बाजारात फार टिकत नाही, आणि जो थोडा वेळ टिकतो त्याच्याकडेच खरं संशयाने बघायला हवं. म्हणजे फॉरवर्डवाल्याला निरोगी ट्रेंड रोगी वाटतो आणि अंगात आल्यासारखा धावणारा निरोगी.

इथे कुणी म्हणेल की रोज १० म्हणजे सुरुवातीला एक टक्का आणि १६०० वर जेमतेम ०.६ टक्का, तेव्हा चाल टक्क्यांत मंदावलीच की. बरोबर, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून रोज एक टक्का घेऊनही बघितलं. तिथेही बार आधी फुगतो आणि मग आकसतो, फक्त शून्यापर्यंत जात नाही, भावाच्या साधारण ०.२ टक्क्यांपाशी स्थिरावतो. आकसण्याचा टप्पा चुकत नाही, कारण तो भावाच्या ताकदीतून आलेलाच नाही. ट्रेंड सुरू होतानाचा जो धक्का असतो तो विरत जातो, एवढंच तिथे दिसतं. एखाद्या दिवशी निकाल लागून भाव मोठी उडी मारतो तेव्हाही तेच होतं. त्या उडीने फुगलेल्या बारांच्या मानाने पुढचे सगळे दिवस बिचारे अशक्त दिसतात.

थोडक्यात हिस्टोग्राम वेग मोजतच नाही. वेगाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एमएसीडीची रेषा. हिस्टोग्राम त्या वेगात काय बदल होतोय ते सांगतो. (नऊच्या सिग्नलला एक गंमत आहे: आजचा बार हा सिग्नल रेषा आज जितकी सरकली त्याच्या बरोबर चौपट असतो. पडताळून बघा. म्हणजे बार हा स्वतः कुठलीही नवी बातमी नाही, सिग्नल रेषेचा चढच मोठा करून दाखवलेला आहे.)

आता तिसरा मुद्दा, ज्याने खरे पैसे गेले.

माझ्या कागदी शेअरमध्ये सतराव्या दिवशी तिसरा लहान बार येतो. ११७० ला शॉर्ट मारला. चाळिसाव्या दिवशी २३० चा खड्डा, साठाव्याला ४३० चा. आणि ह्या सगळ्या काळात इंडिकेटर ओरडून सांगतोय की तुमचं बरोबर आहे, बघा बार अजून लहान झाला! हे विष आहे ते इथे आहे. साधी चुकीची खूण माणसाला लवकर चुकीची ठरवते. ही खूण भाव जितका तुमच्याविरुद्ध सारखा चालत राहील तितकी आणखी पक्की दिसते. वर "स्टॉपलॉसची गरज नाही" हे ज्याने लिहिलं त्याने एकतर कधी शॉर्ट मारलेला नाही, किंवा मारलेला सांगण्यासारखा नाही. विकत घेतलेला शेअर शून्याच्या खाली जात नाही. शॉर्टच्या तोट्याला वर छप्पर नाही. तिथे स्टॉपलॉस लावू नका असं सांगणाऱ्याचा नंबर मी ब्लॉक करते, मग तो कितीही आपला माणूस असो. (मामाला केलेला नाही. त्याने नुसतं पुढे ढकललं होतं.)

मावसभावाच्या चार्टवरचे बार मी लिहून घेतले होते. ६.८, ६.६, ६.३, ६.०, ५.५, ५.१. शेवटच्या बारला तो शॉर्ट झाला, ६४२ ला. ह्या सहा आकड्यांत त्याला "अशक्तपणा" दिसला. मला त्याच आकड्यांत उलटं दिसलं, आणि ते कसं ते सांगते, कारण हे आकडे प्रत्येकाच्या स्क्रीनवर असतात आणि बघायला एक मिनिट लागतं.

सिग्नल नऊचा असेल तर कालच्या आणि आजच्या बारचं नातं असं असतं:

```
H(t) = 0.8 × ( H(t-1) + MACD(t) - MACD(t-1) )
```

समजा एमएसीडीची रेषा आज जागची हललीच नाही. मग कंसात कालचा बारच उरतो आणि आजचा बार कालच्याच्या बरोबर ८० टक्के होतो. ह्याचा अर्थ असा, की हिरवा बार लहान झाला पण कालच्या ८० टक्क्यांपेक्षा मोठा राहिला, तर एमएसीडीची रेषा अजून वरच चाललीय. दोन पोरांमधलं अंतर अजून वाढतंच आहे. ८० टक्क्यांच्या खाली गेला तर रेषा वळली, अंतर मिटायला लागलं.

आता ते सहा आकडे परत बघा. ६.६ हे ६.८ च्या ९७ टक्के. मग ९५, ९५, ९२, ९३. एकदाही ८० च्या जवळपास नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याने शॉर्ट मारला त्या दिवशी १२ ची सरासरी २६ च्या सरासरीपासून आणखी वर सरकत होती. एमएसीडी शून्याच्या वर, सिग्नलच्या वर, आणि चढती. त्याने ह्याच्याविरुद्ध पैसे लावले, आणि तेही एमएसीडीच्या नावाने!

अर्धं खरं आहे ते मान्य करायला हवं, नाईलाजाने का होईना. बार आकसणं म्हणजे काहीच नाही असं नाही. कधीकधी चाल खरंच मंदावते आणि हिस्टोग्राम ते भावापेक्षा स्वच्छ दाखवतो. माझा कागदी शेअरच घ्या. तिसाव्या दिवसापर्यंत रोज १०, आणि एकतिसाव्यापासून रोज फक्त ४. चार्टवर भाव अजून रोज नवा उच्चांक करतोय. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला दोनतीन दिवस फरक जाणवायचाही नाही. हिस्टोग्राम मात्र ४.९८ वरून पहिल्या दिवशी ४.२९, मग ३.४०, मग २.४१, १.४२, ०.४७ आणि छत्तिसाव्या दिवशी शून्याच्या खाली, उणे ०.४१. टक्केवारी काढा: पहिल्या दिवशी ८६, दुसऱ्या दिवशी ७९. म्हणजे दुसऱ्याच दिवशी एमएसीडीची रेषा वळली.

पायऱ्यांमधला फरक बघा. चाल सारखी असताना ४.९८ च्या आसपासचा बार रोज ०.३ च्या आसपास आकसत होता. चाल मोडल्यावर रोज जवळजवळ १ ने. आकसणं दोन्हीकडे आहे. पहिलं आकसणं उतारावरून पाणी ओसरावं तसं, दुसरं नळ बंद केल्यासारखं. फॉरवर्डमध्ये दोन्हीला एकच नाव दिलंय.

आणि तरीही, छत्तिसाव्या दिवशी हिस्टोग्राम लाल झाला तेव्हा भाव किती होता? १३२४. एकही दिवस पडलेला नाही. लाल बारने एवढंच सांगितलं की १० ची चाल ४ वर आली. ज्याच्याकडे शेअर आहे त्याला ही उपयोगी बातमी आहे, तो आपला स्टॉप थोडा जवळ आणेल, नवा माल घेणार नाही. ज्याच्याकडे नाही त्याला ही शॉर्टची बातमी नाहीच. हळू चढणारा भावसुद्धा शॉर्टवाल्याला रोज थोडा थोडा कापतोच.

खऱ्या चार्टवर हे इतकं गुळगुळीत दिसणार नाही, हेही सांगून टाकते. बंद भाव एका पॉइंटने इकडेतिकडे झाला तर बार सुमारे ०.०६ ने हलतो. रोज पाचदहा पॉइंटची खडखड असलेल्या शेअरमध्ये एका बारवरून ८० टक्क्यांचा हिशोब करणं फुकट आहे. तीनचार बार सलग ८० टक्क्यांच्या खाली गेले तर बघायचं. बार स्वतःच चिमुकले झाले की, म्हणजे शून्याजवळ, टक्केवारीला तसाही अर्थ राहत नाही.

ह्यावर "मग डायव्हर्जन्स खोटा का?" असं मला दोघांनी विचारलं. डायव्हर्जन्स म्हणजे भाव एकीकडे आणि इंडिकेटर दुसरीकडे जाणं. खोटा नाही, पण फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय तो डायव्हर्जन्स नव्हेच. हिस्टोग्रामच्या डायव्हर्जन्सचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ असून ट्रेडिंगकडे वळलेले अलेक्झांडर एल्डर. बारांच्या उताराला त्यांच्याइतकी किंमत फार थोड्यांनी दिली असेल. तरीसुद्धा त्यांची अट स्पष्ट आहे: भावाचं पहिलं शिखर, मग हिस्टोग्राम शून्याच्या खाली उतरला पाहिजे, आणि मग भावाचं दुसरं, आणखी उंच शिखर, पण हिस्टोग्रामचं दुसरं शिखर पहिल्यापेक्षा बुटकं. मध्ये शून्य ओलांडलं गेलं नाही तर ते त्याला डायव्हर्जन्स म्हणतच नाहीत. तेजीचा कणा मध्ये एकदा मोडलेला दिसला पाहिजे, असं ते म्हणणं. आता हे फॉरवर्डला लावा. एकच शिखर, त्याच्या उजव्या उतारावरचे तीन बार, शून्य अजून लांब. ह्या हत्याराचा भक्तसुद्धा ज्याला खूण मानत नाही त्याच्यावर आमच्या घरातले पैसे गेले.

माझा कागदी शेअर ह्या अटीत बसतच नाही, हेही बघण्यासारखं आहे. रोज १० ने चढताना त्याचा हिस्टोग्राम शून्याकडे जातो पण शून्याखाली कधीच उतरत नाही. अट बरोबर जिथे फरक करायला हवा तिथे करते.

दुसऱ्या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. आठ कुठून आले, कोणते शेअर, किती वर्षं, काही नाही. पण "पुढच्या पाच कँडलमध्ये पडतो" ह्याचा अर्थ एकदा तरी लाल बंद होतो असा घ्यायचा असेल तर नाणं घ्या आणि पाच वेळा उडवा. एकदा तरी काटा पडण्याची शक्यता ३२ पैकी ३१. म्हणजे दहापैकी जवळजवळ दहा. फॉरवर्डवाल्याचं गुपित नाण्यापेक्षाही कमी वेळा चालतं, हे त्यानेच लिहून दिलंय. आणि अर्थ वेगळा असेल, म्हणजे पाच कँडलनंतर भाव आजच्यापेक्षा खाली असतो असा, तर तसं मोजून दाखवावं. पडझड झालेले चार्ट मागे वळून बघितले की शिखराआधी बार आकसलेले बहुतेक वेळा सापडतात, हे मान्य. पण तसे ते त्याआधीही पाच वेळा आकसलेले असतात आणि त्यातून भाव वर गेलेला असतो. ते पाच स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही.

चौथा मुद्दा अर्धा गैरसमजातून आलाय. एमएसीडी १९७० च्या दशकात जेराल्ड ॲपेल यांनी बांधला, तेव्हा त्यात दोन रेषाच होत्या. हिस्टोग्राम १९८६ मध्ये थॉमस ॲस्प्रे यांनी जोडला. कशासाठी? रेषा एकमेकींना छेदतात तो क्षण उशिरा येतो, म्हणून त्याची चाहूल आधी लागावी. हिस्टोग्राम पुढे चालतो तो ह्या छेदाच्या. बाप अजूनही सगळ्यांत पुढेच आहे. "आधी सांगतो" हे वाक्य कुठेतरी प्रवासात "छेदाच्या आधी" चं "भावाच्या आधी" झालं असावं.

पाचव्याबद्दल एवढंच: गणित कुठल्याही चार्टवर तेच राहतं, हे खरं, त्यामुळे चूकही कुठल्याही चार्टवर तीच राहते. पाच मिनिटांच्या चार्टवर २६ कँडल म्हणजे दोन तास दहा मिनिटं. तिथे सकाळच्या पहिल्या उडीने बार फुगतात आणि मग आकसायला लागतात, भाव पडला नाही तरी.

परवा मावसभावाने पुन्हा तोच चार्ट पाठवला. ह्या वेळी खाली शीट जोडलेली होती, बारांचा एक स्तंभ आणि शेजारी टक्केवारीचा. तो बाहेर पडला त्या दिवशी बार ३.१ होता. त्यानंतर २.८, २.१, १.४, ०.६. टक्केवारी ९०, ७५, ६७, ४३. भाव ७०९. "आता तरी मंदावलाय ना?" हो, आता मंदावलाय. एमएसीडी तीन दिवस खाली येतोय, बार एकदोन दिवसांत शून्याला लागेल. भाव मात्र त्याच्या बाहेर पडायच्या भावापेक्षा पाच पॉइंट वरच आहे. "मग शॉर्ट?" म्हणाला.

मी त्याला सांगितलं, आधी लाल होऊ दे. मग भाव परत नवा उच्चांक करतो का बघ, आणि केला तर त्या वेळचा बार ६.८ च्या किती जवळ जातो ते त्याच शीटमध्ये लिही. तेव्हाही शॉर्ट मारायचा तर भावाने आधीचा एखादा तळ मोडल्यावर, आणि स्टॉपलॉस नव्या उच्चांकाच्या वर. तो म्हणाला, ह्याला तीन आठवडे लागतील. लागू देत. शीटमध्ये ओळी भरपूर आहेत.